कोडमधली रेघ काढणं सोपं, शून्य लावणं अवघड

समजा पुस्तकांच्या दोन याद्या एकत्र करायच्या आहेत. एक जुन्या नोंदवहीवरून कुणीतरी टाइप केलेली, दुसरी वितरकाने पाठवलेली. दोन्हींमध्ये आयएसबीएनचा रकाना आहे, त्यामुळे काम अर्ध्या तासाचं वाटतं. आयएसबीएन जुळला म्हणजे पुस्तक तेच, बाकीचं बघायचीही गरज नाही. मग फाइल उघडली की एकाच पुस्तकाची अशी सहा रूपं समोर येतात:

```
0-00-724618-8
0 00 724618 8
ISBN-10: 0007246188
978-0-00-724618-2
7246188
9.78001E+12
```

(हा क्रमांक मी उदाहरणापुरता जुळवलाय. नियमात तो बसतो, एवढंच महत्त्वाचं.)

पहिल्या तीन ओळी एकच आहेत हे कुणालाही दिसतं. चौथीही जरा निरखून पाहिली तर ओळखू येते. पाचवीत काहीतरी गळलंय. सहावी मात्र कायमची गेली, कारण तिच्यातले आकडे गोल करून टाकलेत आणि ते परत आणायचा कुठलाही मार्ग त्या फाइलमध्ये उरलेला नाही. संगणकाच्या लेखी ही सहा वेगळी पुस्तकं आहेत.

यावर नेहमी सांगितला जाणारा उपाय एका वाक्यात मावतो. रेघा आणि मोकळ्या जागा काढा, उरलेल्या आकड्यांच्या पुढे शून्यं लावून लांबी तेरा करा. या वाक्याचा पहिला अर्धा भाग जवळजवळ निर्धोक आहे. दुसरा अर्धा भाग वस्तूंच्या कोडसाठी बरोबर आहे आणि पुस्तकांच्या जुन्या कोडसाठी साफ चूक. दोन्ही एकाच रकान्यात असले की घोटाळा होतो तो इथेच.

आधी रेघांचं पाहू.

दहा अंकी आयएसबीएनमधल्या तीन रेघा त्याचे चार भाग पाडतात. पहिला भाग भाषा किंवा देशाचा गट, दुसरा प्रकाशक, तिसरा ते विशिष्ट पुस्तक आणि शेवटचा एकच अंक तपासणीचा. तेरा अंकी रूपात यांच्या आधी 978 किंवा 979 येतं. प्रत्येक भागाची लांबी ठरलेली नसते. मोठ्या प्रकाशकाला छोटा क्रमांक मिळतो, म्हणजे पुस्तकांसाठी जास्त अंक उरतात. छोट्या प्रकाशकाचं उलट. त्यामुळे रेघ कुठे आहे यात माहिती असते हे खरं. पण कुठल्या गटात कुठून कुठपर्यंतचे प्रकाशक क्रमांक किती अंकी आहेत, याचा तक्ता आंतरराष्ट्रीय आयएसबीएन संस्था प्रसिद्ध करते, आणि तो हाताशी असला की कोऱ्या आकड्यांवरून रेघा पुन्हा जागच्या जागी घालता येतात. म्हणजे रेघा पुसल्याने काहीच हरवत नाही. वस्तूंच्या बारकोडखाली अंकांमध्ये दिसणाऱ्या फटी तर निव्वळ डोळ्याच्या सोयीसाठी असतात.

ही सवलत फक्त अशा प्रमाण कोडना आहे. दुकानाचे किंवा गोदामाचे स्वतःचे माल-क्रमांक त्याच रकान्यात मिसळले असतील तर त्यांना हात लावू नये. `12-3` आणि `1-23` या दोन वेगळ्या वस्तू असू शकतात, आणि रेघ काढली की दोन्ही `123` होऊन बसतात.

काढायची ‘रेघ’ म्हणजे नक्की कुठली, हाही प्रश्न आहेच. कीबोर्डवरची साधी रेघ एक. वर्ड प्रोसेसर आपणहून घालतो ती जरा लांब रेघ दुसरी. पीडीएफमधून कॉपी केल्यावर येणारी न तुटणारी रेघ तिसरी, आणि गणितातलं वजाचं चिन्ह चौथं. ओळ तुटायची वेळ आली तरच दिसणारी, एरवी अदृश्य असलेली मऊ रेघही असते. मोकळ्या जागांचंही तसंच, शून्य रुंदीची जागा तर डोळ्यांना कधीच दिसत नाही. स्क्रीनवर दोन कोड हुबेहूब सारखे आहेत आणि तरी जुळत नाहीत, असं झालं तर आधी त्या मजकुराची लांबी मोजावी. दहा अंक दिसतायत आणि लांबी अकरा येतेय, म्हणजे आत कुणीतरी लपून बसलंय.

याला कंटाळून बरेच जण सरळ मार्ग धरतात: अंक सोडून बाकी सगळं उडवा. हा मार्ग मला धोकादायक वाटतो. वरच्या यादीतली तिसरी ओळ पाहा. `ISBN-10: 0007246188` मधून फक्त अंक ठेवले तर `100007246188` मिळतं, कारण ‘आयएसबीएन-१०’ मधला १० सुद्धा अंकच आहे. आता हा बारा अंकी क्रमांक झाला, आणि बारा अंकी म्हणजे अमेरिकी वस्तूंचा यूपीसी कोड. पुढची पायरी त्याला इमानेइतबारे एक शून्य लावून तेरा अंकी करते आणि पुस्तकाची वस्तू होते.

ग्रंथालयाच्या नोंदींमध्ये आयएसबीएनपुढे कंसात ‘खंड २’ असं लिहिलेलं असतं, त्यातला २ असाच शेपटाला चिकटतो. शिवाय अंक नसलेला एक अंक आहे तो वेगळाच. जुन्या आयएसबीएनच्या शेवटी कधीकधी X असतो. त्याची किंमत दहा धरतात. ‘फक्त अंक ठेवा’ म्हटलं की तो उडतो आणि कोड नऊ अंकी उरतो.

तिसरा सापळा पायथनमध्ये याद्या हाताळणाऱ्यांच्या ओळखीचा असेल. रकान्यात एखादी जागा रिकामी असली की पांडाज तो सगळा रकाना दशांश संख्यांचा समजतं आणि `9780007246182` चं `9780007246182.0` होतं. त्यातला बिंदू उडवला की शेवटचं शून्य कोडला जाऊन मिळतं, आणि चौदा अंकी, दिसायला अगदी सभ्य क्रमांक तयार होतो.

म्हणून उलट्या पद्धतीने जावं. जे काढायचं ते नावानिशी काढावं, आणि त्यानंतर काही अनोळखी उरलं तर तो कोड बाजूला ठेवावा:

```python
import re, unicodedata

DEV = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")

def clean(s):
    s = unicodedata.normalize("NFKC", s).translate(DEV).upper()
    s = re.sub(r"^\s*ISBN([\s\u2010-\u2015\u2212-]*1[03]\b)?:?", "", s)
    s = re.sub(r"[\s\u2010-\u2015\u2212\u00ad\u200b\ufeff-]", "", s)
    return s if re.fullmatch(r"[0-9]+X?", s) else None
```

देवनागरी अंकांची ओळ मुद्दाम घातली आहे. पायथनला `९७८` हेही अंकच वाटतात, `isdigit()` त्यांना हो म्हणतं आणि `\d` मध्येही ते बसतात. पण मजकूर म्हणून तुलना केली तर `९७८` आणि `978` वेगळे. त्यामुळे असा कोड सगळ्या चाचण्या पार करून पुढे जातो आणि शेवटी जुळत मात्र कशाशीच नाही. शेवटच्या ओळीत `\d` ऐवजी `[0-9]` लिहिलंय ते यासाठीच.

आता शून्यांकडे.

१९७४ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचं पाकीट यूपीसी बारकोड वाचून विकलं गेलं. यूपीसीचे अंक बारा. नंतर युरोपात तेरा अंकी ईएएन आला आणि तो अशा बेताने आखला की बारा अंकी यूपीसीच्या पुढे एक शून्य लावलं की तो आपोआप वैध ईएएन व्हावा. पुढे खोक्यांसाठी चौदा अंकी रूप आलं, छोट्या पाकिटांसाठी आठ अंकी होतंच. या सगळ्या कुटुंबाला आता जीटीआयएन म्हणतात.

शून्य लावूनही कोड वैध राहतो, त्याचं कारण तपासणी अंकात आहे. या कुटुंबात शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला असतो. उजवीकडून सुरुवात करायची. तपासणी अंकाला १ ने गुणायचं, त्याच्या डावीकडच्याला ३ ने, पुढच्याला पुन्हा १ ने, असं करत डावीकडे जायचं. सगळी बेरीज दहाने पूर्ण भागली गेली तर कोड बरोबर. मोजणी उजवीकडून होते, म्हणून डावीकडे कितीही शून्यं आली तरी बेरजेत काही भर पडत नाही. `614141073467`, `0614141073467` आणि `00614141073467` या तिघांचीही बेरीज ९० च येते. तिन्ही एकाच वस्तूचे कोड आहेत आणि शून्यं लावून त्यांची लांबी बेलाशक सारखी करावी.

पुस्तकांची कुळकथा वेगळी. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात नऊ अंकी एसबीएन सुरू झाला. १९७० साली त्याचा आंतरराष्ट्रीय, दहा अंकी आयएसबीएन झाला, आणि जुन्या नऊ अंकी क्रमांकांना पुढे एक शून्य लावून सामावून घेतलं. इथेही तपासणी उजवीकडून मोजली तर १, २, ३ असे वाढत १० पर्यंत जाणारे गुणक आहेत आणि बेरीज ११ ने भागली जावी लागते, म्हणून पुढचं शून्य निरुपद्रवी ठरलं.

मग १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएनच अधिकृतपणे वस्तूंच्या तेरा अंकी पद्धतीत आला. त्या वेळी पुढे शून्यं लावली नाहीत. पुस्तकांसाठी राखलेला 978 हा उपसर्ग लावला, जुना तपासणी अंक काढून टाकला आणि दहाच्या नियमाने नवा काढला. त्यामुळे `0007246188` चं तेरा अंकी रूप `9780007246182` आहे. शेवटचा ८ जाऊन २ आला. हाच दहा अंकी क्रमांक कुणी शून्यं लावून `0000007246188` असा तेरा अंकी केला, तर लांबी बरोबर होते आणि कोड निरर्थक होतो.

असे निरर्थक कोड लक्षात येतात का? दहापैकी नऊ वेळा येतात, कारण तपासणीचा नियम मोडलेला असतो. या क्रमांकाचीच उजवीकडून बेरीज करून बघा. तपासणी अंक ८, मग ८ तिन्ही २४, १, ६ तिन्ही १८, ४, २ तिन्ही ६, ७, आणि पुढे सगळी शून्यं. बेरीज ६८. दहाने भाग जात नाही, चोर सापडला. पण दहातला एक कोड निव्वळ योगायोगाने नियमात बसतो आणि कुणाच्या लक्षात न येता यादीत राहतो. हजार पुस्तकांच्या यादीत असे शंभरेक झाले.

आता यादीतली पाचवी ओळ सोडवू, कारण खरी कसोटी तिच्यात आहे. `7246188`, सात अंक. हे झालं कसं? एक्सेलने दहा अंकी क्रमांक संख्या समजून वाचला आणि संख्येच्या डावीकडची शून्यं गाळली. एक्सेलच्या दृष्टीने त्याने काही वावगं केलं नाही. ००७ आणि ७ ही एकच संख्या. 0-00 ने सुरू होणाऱ्या आयएसबीएनमधून अशी निदान तीन शून्यं एका दमात जातात. ज्या कोडच्या शेवटी X आहे तो मात्र संख्या होऊच शकत नाही, म्हणून तो पूर्ण दहा अक्षरांनिशी टिकतो. एकाच रकान्यात X वाले दहा अक्षरी आणि बाकीचे सात, आठ, नऊ अंकी दिसले, तर ही फाइल एक्सेलमधून जाऊन आलीय हे न विचारता समजावं.

सात अंकी क्रमांक काय काय असू शकतो? एक शून्य गळालेला आठ अंकी ईएएन असू शकतो. तीन शून्यं गळालेला आयएसबीएन असू शकतो. कुणीतरी अर्धवट टाइप केलेलंही काही असू शकतं. दोन्ही नियम लावून बघायचे, आणि दोन्हींची मोजणी उजवीकडून असल्यामुळे शून्यं न लावताच बघता येतात. दहाचा नियम वर लावलाच, बेरीज ६८, म्हणजे नापास. अकराचा नियम असा: ८ ला १ ने गुणून ८, पुढचा ८ दोनने १६, १ तीनने ३, ६ चारने २४, ४ पाचने २०, २ सहाने १२, ७ सातने ४९. बेरीज १३२, म्हणजे बरोबर बारा अकरे. पास. हा वस्तूचा कोड नाही, आयएसबीएन दिसतोय. दहा अंक होईतो शून्यं लावा, `0007246188`, आणि मग 978 लावून रूपांतर करा.

‘दिसतोय’ म्हणालो ते जाणूनबुजून. कुठलाही भलता क्रमांक अकराच्या नियमात अकरातून एकदा बसतोच. म्हणून आखूड क्रमांकाबाबत नुसत्या तपासणी अंकावर विसंबू नये. रकान्याचं नाव आयएसबीएन आहे का, आजूबाजूच्या ओळीही तशाच आखूड आहेत का, आणि मुख्य म्हणजे रूपांतर केलेला क्रमांक दुसऱ्या यादीत सापडला तर तिथलं पुस्तकाचं नाव हेच आहे का, हे पाहावं. नाव जुळलं की शंका मिटली.

नऊ अंकी क्रमांकाच्या बाबतीत एक सुखद योगायोग आहे. तो १९७० च्या आधीचा एसबीएन असो की शून्य गळालेला आयएसबीएन असो, औषध एकच: पुढे एक शून्य. कुठला आहे ते शोधायची गरजही नाही. अपवाद एवढाच की काही याद्यांमध्ये तपासणी अंक टाइपच केलेला नसतो. तोही नऊ अंकी, पण अकराच्या नियमात बहुधा नापास होतो.

रूपांतराचा क्रम मात्र चुकवून चालत नाही. आधी जुना तपासणी अंक तपासायचा, मगच तो फेकायचा. पुष्कळ तयार प्रोग्रॅम ही पायरी गाळतात. दहा अंक आले की पहिले नऊ उचलतात, 978 लावतात आणि नवा अंक काढून मोकळे होतात. नवा अंक हिशोबाने काढलेला असल्यामुळे तो नेहमी बरोबरच येणार. म्हणजे टाइप करताना झालेली चूक या यंत्रातून धुऊन निघते आणि बाहेर येणाऱ्या क्रमांकावर वैधतेचा शिक्का असतो.

आपल्याच उदाहरणात समजा टाइप करणाऱ्याने ६ आणि १ ची अदलाबदल केली: `0007241688`. अकराचा नियम लावला तर बेरीज १२७ येते, अकराने भाग जात नाही, चूक उघडी पडते. हा नियम शेजारच्या दोन अंकांची कुठलीही अदलाबदल पकडतो. पण न तपासता रूपांतर केलं तर `9780007241682` मिळतं, आणि ते दहाच्या नियमात चोख बसतं. एवढंच नाही, मुळातच तेरा अंकी कोड टाइप करताना ही अदलाबदल झाली असती तरी पकडली गेली नसती. ज्या शेजारच्या दोन अंकांत पाचाचा फरक आहे, म्हणजे १ आणि ६, २ आणि ७ असे, त्यांची अदलाबदल दहाच्या नियमाला दिसत नाही. जुना नियम या बाबतीत जास्त तिखट होता. म्हणून ज्या ओळीत दहा अंकी आणि तेरा अंकी दोन्ही क्रमांक आहेत तिथे दहा अंकी क्रमांक लगेच टाकून देऊ नये. तो तपासावा, त्याचं रूपांतर करावं आणि शेजारच्या तेरा अंकीशी जुळतो का ते पाहावं.

तिन्ही गोष्टी एकत्र अशा दिसतात:

```python
def mod10(d):
    return sum(int(c) * (3 if i % 2 else 1)
               for i, c in enumerate(reversed(d))) % 10 == 0

def mod11(d):
    return sum((10 if c == "X" else int(c)) * (i + 1)
               for i, c in enumerate(reversed(d))) % 11 == 0

def isbn10_to_13(s):
    if len(s) != 10 or not mod11(s):
        return None
    body = "978" + s[:9]
    return next(body + k for k in "0123456789" if mod10(body + k))
```

उलट दिशेने, म्हणजे सगळं दहा अंकी करून जुळवू असं कुणी सुचवलं तर नाही म्हणावं. 978 ने सुरू होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला दहा अंकी रूप आहे. 979 ने सुरू होणाऱ्या एकाही पुस्तकाला नाही. 979-10 फ्रान्सकडे आहे, 979-8 अमेरिकेकडे, आणि 979-0 तर छापील संगीतासाठी आहे. अशा क्रमांकाचे पहिले तीन अंक काढून उरलेल्यावर अकराचा तपासणी अंक बसवला, तर तयार होणारा दहा अंकी आयएसबीएन वैध असतो, फक्त तो भलत्याच पुस्तकाचा असू शकतो. फ्रान्समधल्या 979-10 चं ‘10’ जुन्या पद्धतीत 1 या इंग्रजी गटात जाऊन पडतं. चूक पकडायला तपासणी अंकही उपयोगी नाही, कारण तो आपणच बसवलेला असतो.

वस्तूंच्या बाजूला अशी एकच मोठी अडचण आहे, आठ अंकी कोडची. आठ अंक म्हणजे छोट्या पाकिटावरचा ईएएन-८ असू शकतो, किंवा यूपीसी-ई. ईएएन-८ हा मुळातच छोटा क्रमांक आहे, त्याला पुढे पाच शून्यं लावली की काम झालं. यूपीसी-ई मात्र बारा अंकी कोडची घडी घालून केलेलं रूप आहे. मधली शून्यं दाबून टाकलेली असतात आणि कुठली दाबली ते सहाव्या आतल्या अंकावरून कळतं. `07318526` हा यूपीसी-ई घ्या. दोन्ही टोकांचे अंक सोडले तर आत 731852 उरतं. शेवटी २ आहे, म्हणून पहिले दोन अंक, मग तो २, मग चार शून्यं आणि मग उरलेले तीन: 73, 2, 0000, 185. दोन्ही टोकं परत लावली की `073200001856`. यूपीसी-ईचा तपासणी अंक या उलगडलेल्या रूपाचा असतो. म्हणून घडी न उलगडता नुसती शून्यं लावली तर तपासणी सहसा फसते. इथे बेरीज ५८ येते.

ओळखायचं कसं? यूपीसी-ई जवळजवळ नेहमी 0 ने सुरू होतो. ईएएन-८ मध्ये 0 ने सुरू होणारे क्रमांक दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले आहेत, त्यामुळे बाहेरून आलेल्या यादीत ते सहसा नसतात. 0 ने सुरू होणारा आठ अंकी कोड दिसला की आधी उलगडून तपासावा. स्कॅनरला ही शंका येत नाही, कारण पट्ट्यांची रचनाच वेगळी असते. ती माहिती हरवते आपण फक्त अंक उतरवून घेतो तेव्हा. बरेच स्कॅनर यूपीसी-ई वाचल्यावर बारा अंकच पाठवतील असं सेटिंग करता येतं. ते करून टाकलं तर पुढे वाद राहत नाही.

चौदा अंकी कोड तेरात बसवायचा मोह होतो. पहिला अंक शून्य असेल तर खुशाल काढावा. तो १ ते ८ पैकी असेल तर तो कोड खोक्याचा आहे, आतल्या एका नगाचा नाही. मघाच्या `614141073467` या वस्तूच्या खोक्याचा कोड `10614141073464` असू शकतो. पुढे १ आल्याने तपासणी अंकही ७ चा ४ झालाय. पहिला अंक छाटला तर बाकीचे बारा जुळतात आणि फक्त शेवटचा जुळत नाही. तिथे कुणी ‘टायपिंगची चूक’ म्हणून तो दुरुस्त केला की एका खोक्याऐवजी एक नग मोजला जातो. यादीत खोकी असतील तर सगळेच कोड चौदा अंकी ठेवावेत. शून्यं लावून पुस्तकांचे तेरा अंकी क्रमांकही चौदात सुखाने राहतात. खोकी नसतील तर तेरा पुरे.

उरला साठवणुकीचा प्रश्न. हे सगळं करून फाइल पुन्हा एक्सेलमध्ये उघडली आणि रकाना ‘जनरल’ असला तर सगळी शून्यं पुन्हा जातात. तेरा अंकी क्रमांक `9.78001E+12` असा दिसायला लागतो. आत पूर्ण आकडा शाबूत असतो, पण त्याच अवस्थेत सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं तर जे दिसतंय तेच फाइलमध्ये लिहिलं जातं. सहावी ओळ तयार होते ती अशी. आयात करतानाच रकाना ‘टेक्स्ट’ करावा लागतो, उघडल्यानंतर करून उपयोग नाही. डेटाबेसमध्येही हा रकाना मजकुराचाच हवा. या क्रमांकांची कुणी बेरीज करणार नाही, मग त्यांना संख्या ठेवून फायदा काय? शिवाय एका यादीत मजकूर आणि दुसरीत संख्या असेल तर `VLOOKUP` डोळ्यांना सारखे दिसणारे कोडही जुळवत नाही.

मूळ रकाना जसा आला तसाच ठेवावा आणि स्वच्छ केलेला कोड शेजारी नव्या रकान्यात लिहावा. तिसऱ्या रकान्यात काय केलं त्याची खूण असावी: जसाच्या तसा, शून्यं लावली, 978 लावून बदलला, उलगडला, की नापास. नापास ओळींना अंदाजाने दुरुस्त करू नये. त्या वेगळ्या काढून पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरून किंवा वितरकाकडून पुन्हा उतरवून घ्याव्यात. `9.78001E+12` वाल्या ओळी तर एकगठ्ठा मागवाव्या लागतात, आणि मागवताना फाइल एक्सेलमध्ये न उघडता पाठवा, असं सांगावं लागतं.